ग्रंथालय, संग्रहालय आणि पुराभिलेख : नोकरी कुठे आणि पगार कुठून?

कला शाखेची पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींसमोर शिक्षकी पेशा आणि स्पर्धा परीक्षा हे दोनच मार्ग ठेवले जातात. इतिहास, मराठी, पाली, समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन बी.ए., एम.ए. झालेल्यांना ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि पुराभिलेख कार्यालये ही तीन क्षेत्रेही खुली आहेत, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते जाहिरात पाहून अर्ज करतात आणि वर्षा-दोन वर्षांनी 'निधी संपला' असे ऐकून घरी बसतात. म्हणून या लेखात नोकरी कुठे मिळते यासोबतच, तिचा पगार कोणाच्या तिजोरीतून येतो आणि तो किती दिवस येत राहील हे कसे ओळखावे, याचा विचार केला आहे.

चार प्रकारच्या नोकऱ्या

पदाचे नाव ग्रंथपाल असो, अभिलेखपाल असो की अभिरक्षक असो, नावावरून नोकरीची शाश्वती कळत नाही. ती कळते पैशाच्या वाटेवरून. या दृष्टीने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार शासनाच्या मंजूर पदांचा. ग्रंथालय संचालनालय, पुराभिलेख संचालनालय, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय ही राज्याची कार्यालये आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार यांसारखी केंद्राची कार्यालये या प्रकारात येतात. येथे पदाचा पगार अर्थसंकल्पातून निघतो. राज्य शासनाच्या जाहिरातीत 'अस्थायी पद' असे शब्द दिसले म्हणून घाबरू नये. शासनात कित्येक अस्थायी पदांना ठराविक मुदतीने मुदतवाढीचे आदेश निघत राहतात आणि त्यांवर माणसे निवृत्तीपर्यंत नोकरी करतात. 'कंत्राटी' किंवा 'एकत्रित मानधनावर' हे शब्द मात्र वेगळे. तेथे पदच नसते, फक्त काम असते.

दुसरा प्रकार अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपालाचा. नेमणूक संस्था करते, पण वेतन शासन देते. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते. त्यासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे ही मुख्य अट आहे. मागासवर्गीय उमेदवारांना गुणांत सवलत असते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

तिसरा प्रकार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचा आणि चौथा न्यास, प्रतिष्ठाने व मुदतीच्या प्रकल्पांचा. फसगत होते ती बहुधा या शेवटच्या दोन प्रकारांत. म्हणून त्यांच्याकडे सविस्तर पाहू.

सार्वजनिक ग्रंथालयाचे अनुदान म्हणजे पगार नव्हे

महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. जाहिरातीत 'शासनमान्य ग्रंथालय' असे वाचून अनेकांना ती सरकारी नोकरी वाटते. ती तशी नाही. शासन संस्थेला वार्षिक परिरक्षण अनुदान देते. ग्रंथपालाला वेतनश्रेणी देत नाही.

हा फरक हिशेबाने लक्षात येतो. अनुदानात 60 टक्के वाढ झाल्यानंतर ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30,000 वरून 48,000 रुपये झाले. अनुदानाचा साधारण निम्मा भाग वेतनावर आणि उरलेला ग्रंथखरेदी, वृत्तपत्रे, भाडे, वीज अशा खर्चावर जातो. म्हणजे वेतनासाठी वर्षाला 24,000 आणि महिन्याला 2,000 रुपये. आता दुसरे टोक पाहा. जिल्हा अ वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान त्याच वाढीनंतर 11,52,000 रुपये झाले. त्याचा निम्मा भाग 5,76,000. तेथे ग्रंथपाल, सहायक, निर्गम लेखनिक, शिपाई मिळून सहा माणसे आहेत असे धरले, तर सरासरी प्रत्येकी महिना 8,000 रुपये पडतात. सर्वांत वरच्या वर्गाचीही ही स्थिती आहे. याहून जास्त पगार कोणी देऊ करत असेल, तर तो संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून येत असला पाहिजे, आणि ते उत्पन्न कोणते हे विचारण्याचा उमेदवाराला हक्क आहे.

दुसरी अडचण वेळेची. अनुदान दरमहा येत नाही, हप्त्यांनी येते, आणि त्याआधी वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण व तपासणी व्हावी लागते. हप्ता लांबला की पगार लांबतो. तिसरी अडचण वाढीची. 2012 साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नवी मान्यता व दर्जावाढ अनेक वर्षे थांबली. 'लवकरच आमचा वर्ग वाढणार आहे' या भरवशावर रुजू झालेली माणसे त्याच मानधनावर राहिली. म्हणून मिळणार असलेल्या वर्गाचा हिशेब न करता आज हातात असलेल्या वर्गाचा करावा.

मग ही नोकरी करूच नये का? शिक्षण चालू असताना ती उपयोगी पडते. प्रमाणपत्र किंवा बी.लिब. करताना वर्गीकरण, तालिकीकरण, दाखल नोंदवही ही कामे हाताखालून गेली तर पुढच्या मुलाखतीत त्याचा लाभ होतो. फक्त तिला घर चालविण्याचे साधन मानू नये.

प्रकल्पाची नोकरी कशी तोलावी

जुन्या कागदांचे संगणकीकरण, हस्तलिखितांची सूची, एखाद्या संग्रहालयातील नव्या दालनाची मांडणी ही कामे हल्ली प्रकल्प म्हणून निघतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. मोडी येणाऱ्यांना काम मिळाले, पण मागणी त्या शोधाबरोबर आली होती आणि त्याच्याच वेगाने कमी-जास्त होणारी होती. असे काम जरूर घ्यावे, मात्र त्याची मुदत ओळखून घ्यावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इतिहासात एम.ए. झालेल्या एका मुलीला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एका न्यासाच्या संग्रहात महिना 18,000 रुपयांवर अकरा महिन्यांची नेमणूक, आणि तालुक्याच्या एका जुन्या संस्थेत महिना 12,000 रुपयांवर 'कायम' नेमणूक. वरवर पाहता दुसरी नोकरी भक्कम वाटते. तिने दोन्ही ठिकाणी मागील तीन वर्षांचे ताळेबंद पाहायला मागितले. संस्थेचे वार्षिक उत्पन्न 4,00,000 आणि त्यातील 3,20,000 एका देणगीदाराचे होते. देणगी दरवर्षी नव्याने मिळत होती आणि कायम निधी नावालाच होता. न्यासाचा कायम निधी 60,00,000 होता. 7 टक्क्यांनी त्याचे व्याज 4,20,000 येत होते आणि तिचे वर्षाचे मानधन 1,98,000 त्यात सहज बसत होते. शिवाय त्याच जागेवर मागील दोन माणसांना प्रत्येकी दोनदा मुदतवाढ मिळाली होती. येथे अकरा महिन्यांची नोकरी त्या 'कायम' नोकरीपेक्षा अधिक टिकाऊ ठरते.

यातून पाहण्याच्या गोष्टी निघतात. एकाच दात्यावर उत्पन्नाचा किती भाग अवलंबून आहे? पगार कायम निधीच्या व्याजातून येतो की चालू देणगीतून? प्रकल्पाची मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि त्यातील किती महिने आधीच सरले आहेत? आपल्या आधीच्या माणसाचे काय झाले? हा शेवटचा प्रश्न शक्यतो त्या माणसालाच विचारावा.

ही माहिती मिळविणे अवघड नाही. सार्वजनिक न्यासाला 1950 च्या कायद्यानुसार धर्मादाय कार्यालयात हिशेब सादर करावे लागतात आणि ते तेथे रीतसर अर्ज करून पाहता येतात. शासकीय कार्यालयाकडे 10 रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा व मंजूर पदे किती, भरलेली किती आणि जाहिरातीतील पद मंजूर आहे की कंत्राटी, एवढेच विचारावे. काही संस्थांत इमारत व संग्रह महापालिकेचा आणि कारभार न्यासाचा असतो. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 2003 च्या त्रिपक्षीय करारानंतर असे चालू लागले. अशा जागी नेमणूकपत्रावर सही कोणाची, हे पाहावे. पगाराची जबाबदारी त्याचीच असते.

जागा कुठे शोधाव्यात, तयारी कोणती करावी

केंद्राच्या जागा संघ लोकसेवा आयोग व कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिरातींत आणि रोजगार समाचारमध्ये येतात. राज्याच्या राजपत्रित जागा लोकसेवा आयोगाकडे आणि बाकीच्या त्या त्या संचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. अनुदानित महाविद्यालयांच्या जाहिराती दैनिकांत येतात. जाहिरातीत शासनाचे ना-हरकत पत्र आणि मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली यांचा उल्लेख आहे का ते पाहावे. उल्लेख नसेल तर जागा विनाअनुदानित असण्याचा संभव आहे. अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

येथे एक गोष्ट आपल्या मुलांनी विसरू नये. मंजूर पदांना आरक्षण लागू असते. खाजगी न्यासाच्या व प्रकल्पाच्या जागांना सहसा नसते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने लागू झाल्या. पण केंद्राच्या नोकरीसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच लागते. राज्याचे प्रमाणपत्र जोडून अर्ज बाद करून घेऊ नये. हा कागद जाहिरात येण्याआधीच काढून ठेवावा.

शिक्षणाबाबत सांगायचे तर ग्रंथालयासाठी कोणत्याही पदवीनंतर एक वर्षाचे बी.लिब. करता येते. विद्यापीठांप्रमाणेच मुक्त विद्यापीठांतही त्याची सोय आहे. पुराभिलेखासाठी इतिहासात एम.ए. करून राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका घ्यावी आणि सोबत मोडी शिकावी. मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे प्रचंड साठे आहेत. संग्रहालयासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून प्रसिद्ध आहे.

शेवटी एक सूचना. नेमणूकपत्र हातात आले की सही करण्यापूर्वी त्यातील तीन ओळी घरच्या जाणत्या माणसाबरोबर बसून वाचाव्यात : नेमणूक कोणी केली, पगार कोणत्या निधीतून, आणि मुदत कोणत्या तारखेपर्यंत. यातील एकही ओळ कोरी असेल तर ती लेखी भरून मागावी. तोंडी आश्वासनावर दुसरी नोकरी सोडू नये.