सोळावी ओळ कुठून आली?

कांद्याच्या भावाचा तक्ता पीडीएफमध्ये नीटनेटका दिसतो. डावीकडे बाजार समितीचं नाव, पुढे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. शेतकरी गटाचा हिशेब ठेवणारा तो कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवतो, तेव्हा मात्र पाचही रकाने नाहीसे होतात आणि एक लांबलचक उभी रांग उरते. नमुन्याच्या आकड्यांनिशी ती अशी दिसेल :

```
लासलगाव
12500
700
1850
1500
पिंपळगाव
बसवंत
9000
500
1900
1450
सोलापूर
15200
200
2100
1000
```

बाजार समित्या तीन, प्रत्येकीच्या नोंदी पाच, म्हणजे ओळी पंधरा हव्यात. इथे त्या सोळा आहेत.

याचं कारण पीडीएफच्या घडणीत आहे. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेला हा प्रकार कागदावरचं रूप जसंच्या तसं राखण्यासाठी होता. कोणतं अक्षर पानावर नेमकं कुठे उमटवायचं, एवढं त्यात लिहिलेलं असतं. हा रकाना, ही ओळ, अशी नोंद बहुतेक फायलींमध्ये नसते. कॉपी करताना अक्षरांचा क्रम अंदाजाने लावला जातो. ‘पिंपळगाव बसवंत’ हे नाव अरुंद रकान्यात मावलं नाही म्हणून खाली उतरलं होतं. डोळ्यांना ते एकच नाव दिसतं, पण कॉपीत त्याच्या दोन ओळी झाल्या.

दुरुस्तीचा धागा या तक्त्यातच सापडतो. प्रत्येक नोंदीत नाव एकच आणि त्यानंतर चार आकडे. त्यामुळे मजकुराच्या ओळीखाली पुन्हा मजकूरच आला, तर त्या दोन्ही ओळी एकाच नावाच्या.

`A1` रिकामा ठेवून मजकूर `A2` पासून चिकटवायचा. आधी आकडे तपासायचे : ते सेलच्या डाव्या कडेला चिकटले असतील, तर एक्सेल त्यांना आकडे नव्हे, मजकूर समजत आहे. अनेकदा मागे एक न दिसणारी जागा चिकटून आलेली असते. ती `=VALUE(SUBSTITUTE(A3,UNICHAR(160),""))` या सूत्राने जाते. मिळालेलं उत्तर मूळ जागी फक्त मूल्य म्हणून चिकटवायचं. मग `B2` आणि `C2` मध्ये अनुक्रमे ही सूत्रं लिहून सतराव्या ओळीपर्यंत ओढायची :

```
=IF(AND(ISTEXT(A1),ISTEXT(A2)),B1&" "&A2,A2)
=IF(AND(ISTEXT(A2),ISTEXT(A3)),"",B2)
```

पहिलं सूत्र तुटलेलं नाव जोडतं, दुसरं त्याचा उरलेला अर्धा तुकडा रिकामा करतं. नाव तीन ओळींत फुटलं असलं तरी ते जुळतं. शेवटी `E2` मध्ये :

```
=WRAPROWS(FILTER(C2:C17,C2:C17<>""),5)
```

रिकाम्या जागा गळतात, उरलेल्या पंधरा नोंदी पाच-पाचांच्या ओळींत बसतात. `WRAPROWS` मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये आहे. जुन्या एक्सेलमध्ये ते मिळत नाही.

खरा धोका यापुढे आहे. एखाद्या समितीची आवक तक्त्यात कोरी असेल, तर कॉपीत तिची ओळच येत नाही. तिथून पुढचा प्रत्येक आकडा एक घर डावीकडे सरकतो. वरच्या यादीत सोलापूरची आवक कोरी असती, तर नाव जोडल्यावर चौदा ओळी उरल्या असत्या आणि पाचाने भाग न गेल्यामुळे चूक लगेच कळली असती. पण पानाच्या तळाचा पृष्ठक्रमांकही आकडा म्हणून आत शिरला, तर बेरीज पुन्हा पंधरा होते. एक ओळ गळाली, एक जास्त आली, आणि मोजणीत काहीच दिसत नाही.

म्हणून मोजणीवर न थांबता दोन गोष्टी पाहाव्या लागतात. सर्वसाधारण दर प्रत्येक ओळीत कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांच्या मधेच हवा; सरकलेल्या ओळीत हा क्रम बहुधा मोडतो. आणि आवकेच्या रकान्याची बेरीज पीडीएफच्या तळाशी छापलेल्या एकूण आवकेशी जुळायला हवी. इथे ती ३६,७०० यायला हवी.

मूळ फाइल हाताशी असेल, तर कॉपी करण्याआधी एक्सेलमधला `Data > Get Data > From File > From PDF` हा मार्ग वापरून पाहावा. तो तक्ता ओळखून रकाने स्वतः पाडायचा प्रयत्न करतो. तरीही दोन ओळींत फुटलेली नावं त्यातही दोन ओळींत येऊ शकतात, आणि कोऱ्या जागा तपासाव्याच लागतात.

दोन प्रकारच्या पीडीएफपुढे मात्र ही सूत्रं चालत नाहीत. स्कॅन केलेल्या पानात अक्षरं नसून चित्र असतं. माउसने एकही शब्द निवडता येत नसेल, तर ते हेच. दुसरा प्रकार मराठी कार्यालयांत ओळखीचा आहे : जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला तक्ता पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो, पण चिकटवल्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटतो. तिथे आधी फॉन्ट परिवर्तकातून नावं युनिकोडमध्ये आणून घ्यायची आणि मगच रकान्यांना हात घालायचा.