हॅमिंग कोड: उलटलेला बिट नेमका कोणता?

एकच पॅरिटी बिट जोडला, तर एखादा बिट उलटल्याचे कळते. कोणता, ते कळत नाही. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेला कोड ती जागाही सांगतो.

समजा, तुम्हाला १०११ पाठवायचे आहे. डावीकडून सात जागा घ्या. १, २ व ४ या जागा पॅरिटीसाठी राखून डेटा ३, ५, ६, ७ या जागांवर क्रमाने भरा. आता ६ = ४ + २, म्हणून सहाव्या जागेवर ४ आणि २ या पॅरिटी बिटांची नजर असते. असेच प्रत्येक जागेचे केले की तीन गट मिळतात: १, ३, ५, ७, २, ३, ६, ७, आणि ४, ५, ६, ७. प्रत्येक गटात एकांची संख्या सम ठेवा. ०११००११ तयार होते. वहीत करून पाहा.

वाटेत सहावा बिट उलटला आणि ०११०००१ पोहोचले. पहिला गट सम आहे, पण २ आणि ४ चे गट विषम निघतात. २ + ४ = ६, म्हणजे सहावा बिट पुन्हा उलटवायचा.

पण दोन बिट उलटले तर? ३ आणि ६ उलटले, की १ आणि ४ चे गट विषम होतात. बेरीज येते ५, आणि रिसीव्हर बरोबर असलेला पाचवा बिट बिघडवतो. म्हणून सर्व सात बिटांवर आठवा पॅरिटी बिट जोडतात. एखादा गट विषम, पण आठही बिट मिळून एकांची संख्या सम दिसली, तर दोन चुका आहेत; तिथे दुरुस्ती न करता डेटा पुन्हा मागवायचा.