‘समजेल’ म्हणजे नक्की काय दिसेल? एका कोर्सच्या माहितीपत्रकाची दुरुस्ती

आजचा एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिहिलेला मजकूर. बोलताना मी फार ‘म्हणजे’ म्हणतो, ते बरेचसे काढून टाकलेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि रविवारी सकाळी मीरा रोडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये एसक्यूएल शिकवतो. आठ रविवार, दोन-दोन तास. पहिली बॅच संपल्यावर दोनेक महिन्यांनी भाईंदर पूर्वच्या एका मुलाचा मेसेज आला: ‘दादा, इंटरव्ह्यूला लेफ्ट जॉइनची व्याख्या बरोबर सांगितली. मग त्यांनी दोन टेबल समोर ठेवून म्हटलं, कोणत्या ग्राहकाची ऑर्डर आलेली नाही ते काढून दाखव. ते नाही जमलं.’

तो एकही रविवार चुकला नव्हता, वही पूर्ण होती. म्हणून मी माझंच माहितीपत्रक परत उघडलं. त्यात लिहिलं होतं:

‘विद्यार्थ्यांना डेटाबेसच्या मूलभूत संकल्पना समजतील. एसक्यूएलची ओळख होईल. जॉइन, सबक्वेरी आणि इंडेक्सिंग यांची सखोल माहिती मिळेल. डेटा हाताळण्याचा आत्मविश्वास येईल.’

आता गंमत बघा. या चार वाक्यांतलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही. त्या मुलाला जॉइन ‘समजलं’ होतंच की! त्याला फी परत मागायची असती तर कशावर बोट ठेवलं असतं? आणि मला तरी आठव्या रविवारी कसं कळणार होतं, की याला जमत नाहीये?

ही भाषा आली कुठून, तर कॉलेजमधून. इंजिनिअरिंग केलेल्यांनी अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला ‘कोर्स ऑब्जेक्टिव्ह’ आणि ‘कोर्स आउटकम’ अशा दोन याद्या पाहिल्या असतील, आणि सरळ पुढे स्क्रोल केलं असेल. मीही केलं. पण या दोन याद्यांमध्ये फरक आहे. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे शिकवणाऱ्याचा हेतू, तो काय शिकवायला निघालाय ते. आउटकम म्हणजे शेवटी शिकणारा काय करून दाखवेल ते. 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्ड या आंतरराष्ट्रीय कराराचा कायमस्वरूपी सदस्य झाला. आपल्याकडून त्यात नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए, आहे. कॉलेजला एनबीएची मान्यता हवी असेल तर असे आउटकम लिहावे लागतात आणि ते किती साधले हेही दाखवावं लागतं.

आणि इथे एक खड्डा आहे, ज्यात बहुतेक जण पडतात. आउटकम लिहिताना ब्लूमची वर्गवारी वापरतात. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1956 मध्ये मांडली आणि 2001 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. सुधारित पायऱ्या अशा: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, मूल्यमापन करणं, निर्माण करणं. आता दुसऱ्या पायरीचं नावच ‘समजणं’. मग लोक म्हणतात, ब्लूमनेच दिलंय की, लिहा ‘विद्यार्थ्याला समजेल’. पण ते कपाटाच्या कप्प्याचं नाव आहे, कप्प्यातली वस्तू नव्हे. त्या कप्प्यात बसणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कृती वेगळ्या असतात: स्वतःच्या शब्दांत सांगणं, उदाहरण देणं, दोन गोष्टींतला फरक दाखवणं. आउटकममध्ये यातली कृती लिहायची असते.

मला जास्त उपयोगी पडला तो रॉबर्ट मेगर. 1962 च्या त्याच्या छोट्याशा पुस्तकातली कल्पना अशी, की चांगल्या उद्दिष्टात तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत. शिकणारा काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल, आणि किती नीट केलं म्हणजे जमलं म्हणायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. टेस्ट केस लिहिताना आपण हेच करतो: इनपुट काय, कृती काय, अपेक्षित आउटपुट काय.

मग मी कामाला लागलो, पण वर्णनापासून सुरुवात केली नाही. आधी शेवटच्या रविवारी काय काम देणार ते ठरवलं. ज्या हॉलमध्ये शिकवतो तिथूनच विषय मिळाला: सोसायटीचा मेंटेनन्स. एका टेबलमध्ये फ्लॅट, दुसऱ्यात पावत्या. प्रश्न एकच, जून महिन्याचा मेंटेनन्स कोणी भरलेला नाही? कुठल्याही सेक्रेटरीला विचारा, हा प्रश्न किती खरा आहे ते.

सहा फ्लॅट घेतले: 101, 102, 103, 201, 202, 203. डेटा मुद्दाम खोडकर ठेवला. 102 वाल्यांनी जूनचे पैसे दोन हप्त्यांत भरलेत, म्हणून दोन पावत्या. 103 ची मेची पावती आहे, जूनची नाही. 202 ने कधीच काही भरलेलं नाही. बाकी तिघांची जूनची एकेक पावती. म्हणजे बरोबर उत्तर 103 आणि 202. क्वेरी अशी:

```sql
SELECT f.flat_no
FROM flats f
LEFT JOIN receipts r
  ON r.flat_no = f.flat_no
 AND r.month = '2024-06'
WHERE r.flat_no IS NULL;
```

लेफ्ट जॉइन डावीकडच्या टेबलातला प्रत्येक फ्लॅट ठेवतो. ज्याची जुळणारी पावती नाही, त्याच्यासमोर पावतीचे रकाने `NULL` राहतात. शेवटची ओळ तेवढेच फ्लॅट उचलते.

आता चुका काय होतात ते पाहा, कारण खरी मजा त्यात आहे. साधा जॉइन लावला आणि `IS NULL` ची ओळ नसली तर पैसे भरलेल्यांची यादी येते, जूनची अट असूनही 102 दोनदा. महिन्याची अट लिहायचीच राहिली तर फक्त 202 येतो, कारण 103 ची मेची पावती जुळून जाते. आणि महिन्याची अट `ON` मधून खाली `WHERE` मध्ये नेली तर एकही ओळ येत नाही. का? कारण ज्याची पावतीच नाही त्याचा महिनाही `NULL`. तो `'2024-06'` च्या बरोबर कसा असेल? ही शेवटची चूक नोकरीत पाच वर्षं झालेली माणसंही करतात. मीही केली आहे, ऑफिसात, शुक्रवारी संध्याकाळी.

म्हणजे विद्यार्थ्याच्या स्क्रीनवर काय आलं एवढं पाहून कुठे अडलंय ते सांगता येतं. ‘जॉइनचे प्रकार स्पष्ट करा’ या प्रश्नाने यातलं काहीही दिसलं नसतं. आणि माझी आधीची चाचणी तशीच होती! नुसतं माहितीपत्रकातलं क्रियापद बदललं असतं आणि चाचणी तीच ठेवली असती, तर तो मुलगा परत तिथेच अडला असता. बऱ्याच ठिकाणी असंच होतं: ‘समजेल’ खोडून ‘प्रात्यक्षिक दाखवेल’ लिहितात, प्रश्नपत्रिका जुनीच.

काम ठरल्यावर वाक्य लिहिलं. पहिला मसुदा असा होता: ‘विद्यार्थी लेफ्ट जॉइन वापरून न जुळणाऱ्या नोंदी शोधेल.’ कृती दिसते, ठीक आहे. पण हे वाचणार कोण? ज्याला अजून लेफ्ट जॉइन माहीतच नाही तो. त्याला यातून काय कळणार? मग असं केलं:

‘दोन याद्या दिल्यावर, उदाहरणार्थ सोसायटीचे फ्लॅट आणि मेंटेनन्सच्या पावत्या, दिलेल्या महिन्यात कोणी पैसे भरले नाहीत ते तुम्ही स्वतः क्वेरी लिहून काढाल. नोट्स बघायला परवानगी, वेळ वीस मिनिटं. यादीत एकही नाव जास्त किंवा कमी नसावं. यासाठी लेफ्ट जॉइन शिकू.’

तांत्रिक शब्द शेवटी गेला. नोट्सना परवानगी का, तर कामावर कोणीही पाठांतर तपासत नाही. वीस मिनिटं हा आकडा मी आधी दोन मित्रांना बसवून पाहिल्यावर ठरवला. स्वतःचा वेळ मोजून ठरवू नका, आपल्याला ते दोन मिनिटांचं वाटतं.

बाकीच्या वाक्यांचंही असंच केलं. ‘एसक्यूएलची ओळख’ याचं झालं: ‘एका टेबलमधून हव्या त्या अटीच्या नोंदी काढाल आणि महिन्यानुसार बेरीज कराल.’ सबक्वेरीलाही एक काम दिलं. ‘आत्मविश्वास येईल’ खोडून टाकलं. आत्मविश्वास आला तर आनंदच आहे, पण तो मी तपासणार कसा?

सगळ्यात जड गेलं इंडेक्सिंग. ‘इंडेक्स लावून क्वेरी वेगवान कराल’ असं लिहिलं आणि लक्षात आलं, की आमच्या सरावाच्या टेबलमध्ये दोनेकशे ओळी आहेत. एवढ्याशा टेबलवर इंडेक्स लावा, नका लावू, फरक दिसतच नाही. म्हणजे जे मी तासभर शिकवत होतो ते कोणाला कधी दिसलंच नव्हतं. एकतर लाखो ओळींचा डेटा आणायचा, नाहीतर विषय काढायचा. मी काढला. माहितीपत्रकात ‘इंडेक्सिंग’ शब्द असला की भारी वाटतं, हे कबूल. शेवटी पाच वाक्यं उरली. चाळीस बारीक बारीक आउटकम लिहिणारेही असतात. ते कोणी वाचत नाही आणि शिकवणारा नुसता टिक मारत बसतो.

सगळंच असं लिहिता येतं असं मात्र नाही. टेबलांची चांगली रचना कशी करावी याची नजर आठ रविवारांत येत नाही, आणि वीस मिनिटांत तपासताही येत नाही. त्याबद्दल मी खाली वेगळी ओळ ठेवली: ‘यावर आपण चर्चा करू, पण त्याची चाचणी नाही.’ नोकरीबद्दल एक शब्द नाही, कारण ते माझ्या हातात नाही.

नवं माहितीपत्रक लावलं आणि बॅच चौदावरून नऊवर आली. संदिग्ध वर्णन जास्त खपतं, हे खरंय. एक ताई, ज्या एका सोसायटीचे हिशोब बघतात, पाचही वाक्यं वाचून म्हणाल्या, ‘पहिली दोन मला एक्सेलमध्ये येतात. मी तिसऱ्या रविवारपासून आले तर चालेल का?’ जुनं पत्रक वाचून हा प्रश्न कोणाला सुचलाच नसता. मी त्यांना दोन छोटी कामं दिली, त्यांनी ती करून दाखवली, आणि त्या तिसऱ्या रविवारी आल्या.

शेवटची चाचणी मी सातव्याच रविवारी घेतली, दुरुस्तीला एक दिवस हाताशी राहावा म्हणून. नऊपैकी सहा जणांनी 103 आणि 202 काढले. दोघांच्या स्क्रीनवर फक्त 202 होता. एकाची स्क्रीन रिकामी होती. आठव्या रविवारी काय शिकवायचं, ते मला तिथेच, हॉलमधल्या खुर्च्या आवरताना, ठरवता आलं.