जुन्या लॅपटॉपचा भाव कसा काढावा

जुना लॅपटॉप विकायला काढला की मालकाला आधी आठवते ती खरेदीची पावती. बाजाराला त्या पावतीशी फारसे देणेघेणे नसते. घेणारा दोन गोष्टींचा हिशेब करतो: एवढेच काम करणारा नवा लॅपटॉप आज कितीला पडतो, आणि हा जुना घेतल्यावर त्यावर आणखी किती खर्च येईल. पहिल्या आकड्याने किमतीची वरची हद्द ठरते आणि दुसरा आकडा तिच्यातून वजा होतो.

आयकराच्या नियमांत संगणकावर दरसाल उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने ६०,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षांनी १३,००० च्या आसपास येतो. हिशेबाच्या वहीसाठी ही पद्धत सोयीची आहे, पण बाजारातला भाव अशा सरळ उतारावरून खाली येत नाही. तो काही काळ टिकतो आणि मग एका पायरीने पडतो. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. २०१७ साली दोन्ही पिढ्यांचे लॅपटॉप दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असत, दिसायला जवळजवळ सारखे आणि दोन्हींवर ‘आय-५’चेच लेबल. मात्र सातव्या पिढीच्या i5-7200U मध्ये दोन कोअर होते, तर आठव्या पिढीच्या i5-8250U मध्ये चार. पुढे विंडोज ११ आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर चालतील असे ठरवले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबाही संपला. सातव्या पिढीचा लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही, पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो वेगळ्या वर्गात गेला. म्हणून किंमत काढताना यंत्राचे वय मोजण्याआधी प्रोसेसरची पिढी पाहावी.

भाव टिकण्याचे मुख्य सूत्र यातच आहे. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर किंमत ठरते. जे बदलता येते, त्याचे मोल बदलण्याच्या खर्चाएवढेच. प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, बांधणी आणि बहुतेक वेळा स्क्रीन या गोष्टी जन्मभर तशाच राहतात. १९२० बाय १०८० ची आयपीएस स्क्रीन असलेला लॅपटॉप १३६६ बाय ७६८ च्या फिकट स्क्रीनवाल्यापेक्षा लवकर खपतो, कारण रोज डोळ्यांसमोर असणारी ही उणीव नंतर स्वस्तात भरून निघत नाही. ग्राफिक्स चिप बदलता येत नसली तरी गेमिंग लॅपटॉपची गत वेगळी होते. नव्या पिढीची चिप आली की जुनीची ओढ कमी होते, शिवाय वर्षानुवर्षे तापलेल्या यंत्राची गिऱ्हाइकाला धास्ती असते.

रॅमच्या बाबतीत हे सूत्र सर्वांत स्पष्ट दिसते. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडलेल्या थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमच्या दोन जागा आहेत. त्यात ८ जीबी असो वा १६, फरक फक्त एका रॅमपट्टीच्या किमतीचा, कारण घेणारा ती स्वतः बसवू शकतो. उलट २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये रॅम चिपमध्येच असते आणि ती वाढवण्याची सोय नाही. तिथे १६ जीबीचे यंत्र ८ जीबीच्या यंत्रापेक्षा वरचढ भाव टिकवून धरते. ॲपलने २०२४ मध्ये नव्या एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली, त्यामुळे ८ जीबीचे जुने यंत्र आणखी तोकडे वाटू लागले. तरीही नवे घेताना रॅम किंवा साठवण वाढवण्यासाठी मोजलेले जादा पैसे विकताना पूर्ण परत येत नाहीत. साठवणीबाबत तर हे विशेष खरे आहे, कारण बाहेरची एसएसडी जोडून गिऱ्हाइकाचे भागते.

बॅटरी ही झिजणारीच वस्तू, त्यामुळे तिच्यावर मोघम घासाघीस करण्यात अर्थ नाही. तिची स्थिती मोजता येते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्यावी:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` असे दोन आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागले की बॅटरीची उरलेली ताकद कळते. मॅकमध्ये हीच माहिती बॅटरीच्या सेटिंगमध्ये मिळते. अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटरीसाठी ॲपल १,००० चार्ज-फेऱ्यांची मर्यादा धरते.

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. त्यातल्या रकमा पद्धत समजण्यासाठी घेतलेल्या आहेत. समजा, २०२१ साली ६२,००० ला घेतलेला अकराव्या पिढीच्या आय-५ चा लॅपटॉप आहे. ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, फुल एचडी स्क्रीन. तसेच मॉडेल दुरुस्त करून, सहा महिन्यांच्या हमीसह विकणारा दुकानदार २७,००० मागतो. घरगुती विक्रेता हमी देत नाही, म्हणून साधारण पाचवा हिस्सा कमी धरावा, उरले २१,६००. अहवालात बॅटरीची मूळ क्षमता ४२,००० एमडब्ल्यूएच आणि आजची २६,००० दिसते, म्हणजे ६२ टक्के. ही बॅटरी घेणाऱ्याला लवकरच बदलावी लागणार. तिचे आणि मजुरीचे ३,५०० वजा केल्यावर १८,१०० उरतात. झाकण उघडताना एका बाजूची बिजागरी कटकट वाजते आणि तिथल्या प्लॅस्टिकला बारीक चीर गेली आहे. दुरुस्तीचा अंदाज २,००० चा, म्हणून १६,१००. जुने लॅपटॉप घेणाऱ्या दुकानाने याच यंत्राला १३,००० सांगितले, तर ती खालची हद्द झाली. मालकाने १७,००० मागून १५,५०० ते १६,००० ला सौदा केला तर तो रास्त ठरेल.

या हिशेबात एक चूक सहज होते. ऑनलाइन जाहिरातींतले आकडे मागणीचे असतात, सौद्याचे नव्हेत. जी जाहिरात आठवडेच्या आठवडे तशीच पडून आहे, तिची किंमत बाजाराने नाकारलेली आहे. तुलनेसाठी तेच मॉडेल, तीच प्रोसेसरची पिढी आणि तीच रॅम असलेल्या चार-पाच जाहिराती पाहाव्यात. सर्वांत महाग जाहिरात बाजूला ठेवावी आणि ज्या लवकर निघून गेल्या त्यांच्यावर भर द्यावा. बिजागरीची दुरुस्ती विकण्याआधी करून घेणे बहुधा फायद्याचे, कारण दिसणाऱ्या एका चिरेवरून घेणारा आतल्या दहा बिघाडांची शंका घेतो आणि खर्चापेक्षा जास्त रक्कम कापतो. बॅटरीचे तसे नाही. ती आधीच बदलली तरी घातलेले पैसे क्वचितच वर येतात, म्हणून अहवाल दाखवून तेवढी सूट देणे बरे.

वरचा सगळा हिशेब एका कुलपाने फोल ठरू शकतो. मॅक आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याला जोडलेला राहिला, तर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे नवा मालक तो वापरू शकत नाही. कचेरीतून आलेल्या लॅपटॉपवर बायोसचा पासवर्ड किंवा कंपनीच्या दूरनियंत्रणाची नोंद शिल्लक असू शकते. विंडोज पुन्हा टाकून ती नोंद जात नाही. सेटअप करताना इंटरनेट जोडले की कंपनीचे नाव पडद्यावर पुन्हा येते. असा लॅपटॉप सुट्या भागांच्याच भावाने जातो. त्यामुळे विकणाऱ्याने खात्यातून बाहेर पडून ‘फाइंड माय’ बंद करावे आणि मगच यंत्र कोरे करावे. घेणाऱ्याने कोरे केलेले यंत्र इंटरनेटला जोडून सेटअप शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन पाहावा आणि पैसे त्यानंतर मोजावेत.