थोरल्याला वगळून मुलीला घर देता येईल का?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर अधूनमधून एक जाहीर नोटीस दिसते. ‘माझा मुलगा माझ्या सांगण्याबाहेर गेला असून माझा त्याच्याशी काही संबंध राहिलेला नाही, माझ्या मिळकतीत त्याला कोणताही हक्क नाही.’ खाली बापाचे नाव आणि वकिलांची सही. अशी नोटीस देणाऱ्याला वाटते की मुलगा आता बेदखल झाला. प्रत्यक्षात वारसाहक्काच्या दृष्टीने काहीच झालेले नसते. हा बाप मृत्युपत्र न करता वारला, तर नोटिशीतला मुलगा त्याच्या आज्ञाधारक भावंडांइतकाच वाटा घेतो. हिंदू वारसा कायद्यात मुलगा हा पहिल्या वर्गाचा वारस आहे. बापाशी भांडला, दहा वर्षे फिरकला नाही, म्हणून त्याचा हक्क जात नाही.

बापाला खरोखर एखाद्या मुलाला वगळायचे असेल, तर त्यासाठी मृत्युपत्र आहे. मिळकत स्वकष्टार्जित असेल, तर हिंदू बाप ती सगळीच्या सगळी एका मुलाला किंवा मुलीला देऊ शकतो. बाकीच्यांना एक रुपयाही ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नाही, त्यांची संमतीही लागत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ३० ने हा अधिकार दिलेला आहे. त्याआधी १९५३ मध्ये अरुणाचल मुदलियार खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की मिताक्षरा पद्धतीत बापाला स्वतःच्या कमाईची हवी तशी विल्हेवाट लावता येते, मुलांना त्यावर जन्माने हक्क मिळत नाही.

उत्तर इतके सरळ असताना दिवाणी न्यायालयांत या विषयावरचे दावे वर्षानुवर्षे चालतात, कारण भांडण सहसा अधिकाराचे नसतेच. ते दोन गोष्टींवर होते : मिळकत खरोखर स्वकष्टार्जित होती का, आणि मृत्युपत्र खरोखर बापाच्या मनातले होते का. एका काल्पनिक कुटुंबावरून हे पाहू.

सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ पुण्यात नोकरी करून निवृत्त झाले. पत्नी वारली आहे. तीन मुले : थोरला मुलगा, मधली मुलगी, धाकटा मुलगा. पगारातून आणि कर्ज काढून घेतलेला पुण्यातला फ्लॅट आणि गावाकडची चार एकर जमीन, एवढी मिळकत. शेवटची आठ वर्षे मुलीने सांभाळले, म्हणून सगळे तिलाच द्यायचे त्यांच्या मनात आहे.

फ्लॅटबद्दल अडचण नाही. खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, कर्जाचे हप्ते पगारातून गेले आहेत. तो स्वकष्टार्जित आहे आणि मुलीला पूर्ण देता येतो. मुलांनी ‘तो एकत्र कुटुंबाच्या पैशाने घेतला’ असा दावा केला, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी मुलांवर असते. कुटुंब एकत्र आहे, एवढ्यावरून प्रत्येक मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही. फ्लॅट घेता येईल इतके उत्पन्न देणारी वडिलोपार्जित मिळकत त्या वेळी हातात होती, हे त्यांना आधी दाखवावे लागते. म्हणून कर्जाची कागदपत्रे, हप्त्यांच्या नोंदी, पगाराचा दाखला हे सगळे मृत्युपत्रासोबतच्या फाइलमध्ये जपून ठेवावे. वीस वर्षांनी ते शोधायची वेळ मुलीवर येऊ नये.

खरा घोळ जमिनीचा. सातबाऱ्यावर आज नाव वडिलांचे एकट्याचे आहे, म्हणून ते ‘माझी जमीन’ म्हणतात. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. जमीन कशी आली हे कळायला जुने फेरफार काढावे लागतात. तलाठ्याच्या दप्तरात किंवा तहसील कार्यालयात ते मिळतात, आणि एकेका फेरफाराच्या नोंदीत ‘खरेदी’, ‘वारस’, ‘वाटप’ असे कारण लिहिलेले असते. त्या एका शब्दावर पुढचे सगळे अवलंबून असते.

समजा फेरफारावरून असे निघाले की आजोबांनी ती जमीन १९४८ मध्ये स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि ते १९७१ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. वडील त्यांचे एकटेच वारस होते. लोकांच्या बोलण्यात ही ‘वडिलोपार्जित’ जमीन, कारण ती आजोबांकडून आली. कायद्यात मात्र तसे नाही. १९५६ चा कायदा आल्यानंतर बापाची स्वतःची मिळकत मुलाला वारसाने मिळाली, तर ती मुलाची वैयक्तिक मिळकत ठरते. त्याच्या मुलांना त्यात जन्माने हिस्सा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन प्रकरणात १९८६ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणजे ही चार एकरही वडील मुलीला पूर्ण देऊ शकतात. ‘आजोबांची जमीन आहे, नातवाचा हक्क आहेच’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते, आणि निम्म्या वेळा ते चुकीचे असते.

आता उलट समजू. जमीन पणजोबांपासून चालत आलेली, आजोबा नवा कायदा लागू होण्याआधी, म्हणजे १७ जून १९५६ पूर्वी वारले आणि ती वडिलांकडे आली. ही खरी वडिलोपार्जित, म्हणजे सहदायाद मिळकत. यात मुलांना जन्मानेच हक्क आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही तोच हक्क आहे. विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये न्यायालयाने हेही ठरवले की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. आपल्या उदाहरणात वडील आणि तीन मुले, असे चार समान वाटे होतात. चार एकरांपैकी वडिलांचा एक एकर. मृत्युपत्राने ते फक्त हा एक एकर मुलीला देऊ शकतात. मुलीचा स्वतःचा एक आणि वडिलांचा एक, असे तिच्याकडे दोन येतात. दोन्ही भावांचा एकेक एकर वडिलांनी कितीही ठासून लिहिले तरी हलत नाही. ‘चारही एकर मुलीला’ असे लिहिले असेल, तर तेवढा भाग निरुपयोगी. मृत्युपत्र मात्र बाकीच्यासाठी टिकते.

म्हणून मृत्युपत्र लिहायला बसण्याआधी फेरफार काढावेत, हे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक जण आधी लिहितात आणि कागद नंतर पाहतात.

दुसरा प्रश्न मृत्युपत्राच्या खरेपणाचा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिले तरी चालते. नोंदणी ऐच्छिक आहे. पण साक्षीदारांचा नियम कडक आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही माझी सही’ असे वडिलांनी त्याला स्वतः सांगितलेले असावे. आणि प्रत्येकाने वडिलांच्या समक्ष सही केलेली असावी. वडिलांची सही घेऊन कागद शेजाऱ्याच्या घरी पाठवला आणि त्याने तिथेच सही करून परत दिला, तर ती साक्ष होत नाही. पुढे उलटतपासणीत ‘तुम्ही सही केली तेव्हा ते कुठे होते?’ एवढ्या एका प्रश्नावर मृत्युपत्र कोसळते. वाद झाला की किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे करावे लागते, म्हणून वडिलांच्याच वयाचे दोन मित्र घेण्यापेक्षा वयाने लहान, जवळपास राहणारी माणसे घ्यावीत.

एका मुलाला सगळे आणि बाकीच्यांना काही नाही, एवढ्यावरून न्यायालय मृत्युपत्र नाकारत नाही. नैसर्गिक वारसाक्रम बदलायचा असतो म्हणूनच माणूस मृत्युपत्र करतो, ही गोष्ट न्यायालयांनी मान्य केली आहे. पण त्याच्या जोडीला इतर संशयास्पद गोष्टी आल्या, तर चित्र बदलते. सही थरथरती आणि नेहमीपेक्षा वेगळी, वडील दवाखान्यात औषधांच्या गुंगीत, मजकूर ज्याला मिळकत मिळणार त्यानेच वकिलाला सांगितलेला, साक्षीदारही त्यानेच आणलेले, आणि वगळलेल्या मुलांचा मजकुरात उल्लेखसुद्धा नाही. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून नियम असा की अशा शंका दूर करण्याचे ओझे मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. नोंदणी केलेली असली तरी हे ओझे पूर्ण उतरत नाही.

आपल्या उदाहरणातील मुलीसाठी यातून काय निघते? वकिलाकडे वडिलांनी स्वतः जावे, तिने बाहेर थांबावे, खरे तर घरीच थांबावे. मजकुरात दोन्ही मुलांची नावे असावीत आणि वगळण्याचे कारण दोन वाक्यांत, राग न दाखवता यावे : थोरल्याला घर घेताना अमुक रक्कम दिली, धाकट्याला व्यवसायासाठी दिली, मुलीने शेवटपर्यंत सांभाळले. कारण देणे कायद्याने सक्तीचे नाही. पण वडिलांच्या डोक्यात तिन्ही मुले होती आणि त्यांनी विचार करून निवड केली, हे त्यातून दिसते. डॉक्टरचा दाखलाही सक्तीचा नाही. वय झालेले किंवा आजार असेल तर त्याच दिवसाचा दाखला घेणे शहाणपणाचे.

हा अधिकार सगळ्यांना सारखा नाही. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांशच देता येते, आणि सुन्नी कायद्यात वारसालाच द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. गोव्यात तर धर्म कोणताही असो, मुलांसाठी निम्मी मिळकत राखीव असते. बापाला मनासारखा उरलेला निम्माच वाटता येतो, आणि तोही पत्नीचा वाटा बाजूला काढून. हा पोर्तुगीज काळापासूनचा नियम गोव्यात अधिवास असलेल्यांच्या गोव्याबाहेरच्या, अगदी मुंबईतल्या मिळकतीलाही लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. कोल्हापूरचा बाप जे करू शकतो, ते म्हापशाचा करू शकत नाही.

हिंदू बापालाही एक मर्यादा आहे. विधवा पत्नी, अज्ञान मुलगा किंवा अविवाहित मुलगी अशा अवलंबून असलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने काहीच मिळाले नाही, तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे ती त्या मिळकतीतून निर्वाहखर्च मागू शकते. मिळकत ज्याच्याकडे गेली, त्याला तो द्यावा लागतो. नोकरी करणाऱ्या सज्ञान थोरल्याला ही सोय नाही.

राहिला नामनिर्देशनाचा गोंधळ. आपल्या गृहस्थांनी फ्लॅट घेताना सोसायटीच्या अर्जात थोरल्याचे नाव नॉमिनी म्हणून दिले होते आणि नंतर ते बदलले नाही. वडिलांच्या पश्चात सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करू शकते. मालकी त्याने मिळत नाही, ती मृत्युपत्राप्रमाणे मुलीकडेच जाते. पण थोरला फ्लॅटची किल्ली ताब्यात ठेवून बसला, तर मुलीला मृत्युपत्र सिद्ध करून हक्क बजवावा लागेल. मृत्युपत्र करतील त्याच आठवड्यात वडिलांनी सोसायटीत, बँकेत आणि पोस्टात जाऊन नॉमिनीही बदलून घ्यावेत.