बीडचे दोन स्तंभ

स्तंभालेख पाहताना डोळा स्तंभांच्या उंचीची तुलना करतो. दुप्पट उंच स्तंभ म्हणजे दुप्पट आकडा, हे गणित उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला तरच जुळते. अक्ष मधूनच सुरू केला की शेजारच्या तक्त्यात एक दिसते आणि चित्रात भलतेच.

बीड जिल्ह्यातला आकडा घेऊ. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. महाराष्ट्राचे याच क्रमाने आकडे ९१३ आणि ८९४. बीडचा आलेख ८०० पासून काढला, तर पहिल्या स्तंभाला ९४ एकक उंची मिळते आणि दुसऱ्याला अवघी ७. चित्र सांगते, मुली तेरा हिश्शांतून एका हिश्शावर आल्या. प्रत्यक्षातली घट दहा टक्क्यांच्या आत आहे.

हे पकडायला साधी फूटपट्टी पुरते. दोन्ही स्तंभ मोजून उंच स्तंभाला बुटक्याने भागावे, मग तक्त्यातल्या आकड्यांचाही तसाच भागाकार करावा. इथे पहिले उत्तर १३.४ येते, दुसरे १.१. उत्तरे जुळली नाहीत की अक्षाच्या तळाशी कोणता आकडा छापलाय ते पाहावे. कधी तो छापलेलाच नसतो, आणि तेव्हा तर फूटपट्टीशिवाय इलाजच नाही.

शेजारी-शेजारी ठेवलेले दोन आलेख याहून फसवे असतात. महाराष्ट्राचा अक्ष ८९० पासून आणि बीडचा शून्यापासून धरला, तर महाराष्ट्राचा स्तंभ २३ एककांवरून ४ वर कोसळतो आणि बीडचा जेमतेम खचतो. तक्ता मात्र उलट बोलतो: राज्यात घट १९, बीडमध्ये ८७. दोन्ही अक्षांवरचे आकडे खरेच असतात. फक्त एका आलेखाची पट्टी दुसऱ्याला लागू नसते.

म्हणून शून्यापासूनचा अक्ष नेहमीच न्याय करतो, असेही नाही. बीडचे दोन्ही स्तंभ त्यावर जवळपास सारखे दिसतात आणि ८७ मुलींची गंभीर घट नजरेतून निसटते. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारामागे सुमारे ९५० मुली. या आकड्यापासूनची तूट काढली तर २००१ मध्ये ती ५६ आणि २०११ मध्ये १४३ येते. तुटीचे स्तंभ शून्यापासून काढले की दुसरा पहिल्याच्या अडीचपट उंच होतो, आणि तक्त्याशीही जुळतो. मात्र अक्षावर ‘९५० पेक्षा किती कमी’ असे ठळक लिहायला हवे. ते राहिले, तर उंच स्तंभ पाहून वाचक २०११ मध्ये मुली वाढल्या असेच समजेल.