महिन्याला चार युरो नव्वद

जर्मनीत पगार जमा होतो त्या खात्याला ‘गिरोकोंटो’ म्हणतात. घरभाडे, वीज, विमा, मोबाइलचे बिल असे सगळे याच खात्यातून परस्पर वळते होते. त्यामुळे महिनाअखेरच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस नोंदी सहज होतात, आणि त्यांतच एक नोंद बँकेच्या स्वतःच्या नावाची असते. एकेकाळी पगाराचे खाते फुकट देणाऱ्या बँका पुष्कळ होत्या. २०१४ ते २०२२ या काळात युरोपच्या मध्यवर्ती बँकेने ठेवींवरचा दर शून्याखाली नेला, तेव्हा ग्राहकांचे पैसे सांभाळण्यातून बँकांना काही सुटेना. मग एकेक करून त्यांनी खात्यावर मासिक शुल्क बसवले.

सांगलीकडचा एक तरुण २०१७ साली स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात कामाला लागला, तेव्हा त्याचे खाते फुकट होते. करारातच तसे लिहिले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गावी जायच्या तिकिटासाठी तो वर्षाचा खर्च मांडायला बसला, तेव्हा प्रत्येक महिन्यात एकच रक्कम पुन्हा पुन्हा दिसली:

```
Entgeltabrechnung 31.10.2024   siehe Anlage   -4,90
```

‘शुल्काचा हिशेब, सोबतचा कागद पाहा’ एवढाच त्या ओळीचा अर्थ. सोबतचा कागद उताऱ्यावर नव्हता. तो बँकेच्या ऑनलाइन टपालपेटीत वेगळी पीडीएफ म्हणून पडलेला होता, आणि त्यात `Kontoführung 4,90`, म्हणजे खाते चालवण्याचे ४.९० युरो, असे लिहिलेले होते. महिन्याला पाच युरोही नाहीत, तेवढ्यात कँटीनचे एक जेवणही धड होत नाही. असे शुल्क वर्षानुवर्षे कुणाच्या डोळ्यांत येत नाही ते यामुळेच.

शुल्क केव्हा सुरू झाले, हे आधी शोधायला हवे होते. त्यासाठी सगळे उतारे चाळण्याची गरज नसते. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीपासून तिथल्या बँकांना निदान वर्षातून एकदा घेतलेल्या सगळ्या शुल्कांचा तक्ता ग्राहकाला फुकट द्यावा लागतो. असे पाच-सहा तक्ते टपालपेटीत न उघडता पडून होते. २०१९ च्या तक्त्यात तीनच महिन्यांचे शुल्क होते, म्हणजे सुरुवात त्या वर्षीच्या ऑक्टोबरची. त्याच पेटीत जुलै २०१९ चे बारा पानी पत्र सापडले. एक ऑक्टोबरपासून नवे दर लागू होतील, तोपर्यंत हरकत न घेतल्यास ग्राहकाची संमती समजली जाईल, असे त्यात नवव्या पानावर म्हटले होते. जेमतेम जर्मन शिकलेल्या माणसाने ते वाचले नाही यात नवल नाही. तिथे जन्मलेल्यांनीही वाचले नव्हते.

‘गप्प बसलात म्हणजे मान्य आहे’ असे हे कलम जवळपास प्रत्येक बँकेच्या अटींत होते. ग्राहक संघटनांच्या महासंघाने त्याविरुद्ध दावा केला आणि २७ एप्रिल २०२१ रोजी कार्ल्सरूहमधल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने कलम रद्द ठरवले. ग्राहकाच्या मौनावर बँकेला करार हवा तसा बदलता येत असेल, तर तो करार दोघांचा राहत नाही, असे त्या निकालाचे सार होते. पुढे काही बँकांनी नवी ढाल पुढे केली: तीन वर्षांत ग्राहकाने तक्रार केली नाही, तर शुल्क कायम समजायचे. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तीही नाकारली. तो खटला लढणाऱ्या ग्राहकाची मागणी होती चार वर्षांच्या शुल्कापोटी १९२ युरोंची. एवढ्या रकमेसाठी देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जाणाऱ्या त्या गृहस्थाचे कौतुकच केले पाहिजे.

म्हणून या तरुणाचे सगळे पैसे परत मिळणार होते, असे मात्र नाही. ऑक्टोबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या बासष्ट महिन्यांत त्याचे ३०३.८० युरो गेले होते. त्या रकमेचे तीन तुकडे पडतात.

पहिला तुकडा मुदतीत बुडाला. असे पैसे मागण्याची मुदत तीन वर्षांची असते आणि ती ज्या वर्षी पैसे कापले त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. २०२० अखेरपर्यंतच्या पंधरा महिन्यांचे ७३.५० युरो त्यामुळे हाताबाहेर गेले. शेवटचा तुकडा त्याने स्वतःच घालवला होता. २०२१ च्या निकालानंतर बँका ग्राहकांकडून उघड संमती मागू लागल्या. जून २०२२ मध्ये ॲप उघडताच ‘नव्या अटी’ असा पडदा आला आणि पगार आला का ते बघायच्या घाईत त्याने `Zustimmen`, म्हणजे ‘मान्य’, हे बटण दाबले. त्या एका बोटामुळे जुलै २०२२ पासूनचे १४२.१० युरो कायदेशीर ठरले. खाते उघडतानाच शुल्क ठरले असेल, किंवा विद्यार्थ्याचे फुकट खाते ठरावीक वयानंतर सशुल्क होईल असे मूळ करारात असेल, तरीही काही मागता येत नाही. म्हणून आधी मूळ करार काढून पाहावा लागतो.

राहिले मधले अठरा महिने, जानेवारी २०२१ ते जून २०२२: ८८.२० युरो. त्यांतले २०२१ चे ५८.८० युरो ३१ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्री मुदतबाह्य होणार होते, आणि खरी मेख इथेच होती. बँकेला नुसते मागणीपत्र पाठवल्याने मुदत थांबत नाही. बँक ‘विचार करतो’ म्हणत वाटाघाटीला बसली तर थांबते, नाहीतर न्यायालयाची नोटीस किंवा मान्यताप्राप्त बँक लोकपालाकडे अर्ज लागतो. लोकपालाकडे खर्च येत नाही, पण बँकेकडे आधी मागणी केलेली असावी लागते.

त्याने नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक पानी पत्र रजिस्टर टपालाने पाठवले. त्यात खाते क्रमांक, महिनावार रकमा, दोन्ही निकालांच्या तारखा आणि चौदा दिवसांची मुदत, एवढेच होते. रागाचे एकही वाक्य नव्हते. डिसेंबरच्या मध्याला छापील उत्तर आले: आपण अनेक वर्षे विनातक्रार खाते वापरलेत, सबब मागणी अमान्य. न्यायालयाने महिन्यापूर्वीच नाकारलेला मुद्दा बँकेने पुन्हा लिहून पाठवला होता. बहुधा कुणी मजकूर बदलला नव्हता. वीस तारखेला करार, २०१९ चे पत्र, शुल्कांचे तक्ते आणि हे उत्तर जोडून लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज गेला. अर्ज पोचल्याच्या पावतीवर डिसेंबरची तारीख आहे ना, हे त्याने दोनदा पाहिले.

मार्चमध्ये बँकेने लोकपालाचा अभिप्राय येण्यापूर्वीच ‘कोणतेही दायित्व मान्य न करता’ रक्कम जमा केली. उताऱ्यावर +८८,२० अशी नोंद आली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नेहमीचे ४.९० पुन्हा कापले गेले, कारण ते आता त्याच्याच संमतीने कापले जात होते. एप्रिलमध्ये त्याने दुसऱ्या बँकेत फुकट खाते उघडले आणि खातेबदलाचा अर्ज भरला. या अर्जावर जुन्या बँकेला घरभाड्यापासून मोबाइलपर्यंतच्या सगळ्या वळत्या रकमांची यादी नव्या बँकेला द्यावी लागते. यादीत चौदा नावे होती. त्यांतल्या एका व्यायामशाळेत तो दोन वर्षांत गेलाच नव्हता.